कर्ज तेच, रकाना वेगळा

17 डिसेंबर 2007 रोजी ऑस्ट्रेलियातल्या सेंट्रो प्रॉपर्टीज या कंपनीने शेअर बाजाराला कळवले, की मुदत भरत आलेल्या कर्जांसाठी नवे कर्ज मिळेनासे झाले आहे. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या शेकडो शॉपिंग सेंटरांचा कारभार पाहणारा हा समूह. त्या एका दिवसात त्याच्या शेअरची किंमत तीन चतुर्थांशांनी कोसळली. गुंतवणूकदारांनी जून 2007 अखेरचे हिशेब पुन्हा उघडले, तेव्हा त्यांत कर्जाचा आकडा होता. तो दडवलेला नव्हता. घोळ होता तो जागेचा. वर्षभरात फेडायचे सुमारे 150 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचे कर्ज 'नॉन-करंट', म्हणजे दीर्घ मुदतीच्या देण्यांत दाखवले होते. समूहातल्या सेंट्रो रिटेल या दुसऱ्या संस्थेच्या हिशेबात अशीच सुमारे 50 कोटींची गफलत होती. शिवाय ताळेबंदाच्या तारखेनंतर दिलेल्या 175 कोटी अमेरिकन डॉलरच्या हमींचा उल्लेखच नव्हता.

प्रकरण कोर्टात गेले. न्यायमूर्ती मिडलटन यांनी 27 जून 2011 रोजी निकाल दिला, की संचालकांनी कायद्याने सांगितलेली काळजी घेतली नाही. हिशेब ऑडिटरने तपासले होते, वित्तविभागाने बनवले होते, ही सबब त्यांनी मानली नाही. कोणते कर्ज वर्षभरात फेडायचे आहे हे संचालकांना ठाऊक होते, मग ते वाचताना दिसायला हवे होते, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो तो याच साधेपणासाठी. यात कुठले गहन गणित नव्हते. करारातली तारीख वाचायची होती.

आपल्याकडे हा नियम कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे. ताळेबंदाच्या तारखेपासून बारा महिन्यांत जे फेडायचे ते करंट. आणि फेड निदान बारा महिने पुढे ढकलण्याचा बिनशर्त हक्क कंपनीकडे नसेल, तर तेही करंट. दुसऱ्या वाक्यावर बहुतेकांची गल्लत होते. प्रत्यक्षात बँक पैसे मागेल की नाही हा मुद्दाच नाही. मागायचे ठरवले तर कंपनी 'नाही' म्हणू शकते का, एवढाच आहे.

एक कल्पित कंपनी घेऊ. एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारी, घरच्याच मंडळींची प्रायव्हेट लिमिटेड. तिने एका वित्तसंस्थेकडून मशीनसाठी 3 कोटींचे टर्म लोन घेतले आहे. मुद्दल दरमहा 5 लाख, हप्त्याची तारीख 10, व्याज 12 टक्के. 31 मार्चला 2 कोटी 10 लाख शिल्लक आहेत. शिवाय बँकेची 1 कोटी 60 लाखांची कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी, आणि संचालकांनी घरातून घातलेले 40 लाख. कंपनीच्या कच्च्या ताळेबंदात सीसी तेवढी करंट आहे. टर्म लोन आणि संचालकांचे पैसे दोन्ही लाँग टर्ममध्ये. चालू मालमत्ता 4 कोटी, चालू देणी 3 कोटी. भागाकार 1.33. बँकांचे अधिकारी वर्षानुवर्षे हाच आकडा शोधत आले आहेत, त्यामुळे तो नेमका आला की ऑडिटरने जरा सावध व्हावे.

ऑडिटर आधी मंजुरीपत्र आणि परतफेडीचे वेळापत्रक मागतो. पुढच्या बारा हप्त्यांचे 60 लाख करंटमध्ये यायला हवेत. मार्च 2021 च्या दुरुस्तीपासून टर्म लोनचा हा भाग अल्प मुदतीच्या कर्जांखाली वेगळा दाखवावा लागतो. पूर्वी तो 'इतर चालू देण्यां'त जात असे. चालू देणी 3 कोटी 60 लाख झाली, भागाकार 1.11 वर आला.

मग संचालकांचे 40 लाख. "घरचेच पैसे आहेत, कोण मागतंय?" हे उत्तर ठरलेले. पण करार नाही, फेडीची तारीख नाही, म्हणजे ते कधीही मागता येतात आणि नकार द्यायचा हक्क कंपनीला नाही. ते करंट. भागाकार बरोबर 1. पुष्कळदा बँक स्वतःच संचालकांकडून लिहून घेते, की आमचे कर्ज फिटेपर्यंत ही रक्कम काढणार नाही. तसे पत्र 31 मार्चपूर्वीचे असेल, त्यावर सह्या असतील आणि कंपनीला ते बांधून घेत असेल, तर 40 लाख लाँग टर्ममध्ये राहू शकतात. ऑगस्टमध्ये ऑडिटरने विचारल्यावर टाइप केलेले पत्र इथे कामाचे नाही.

सीसीबद्दल उलटा युक्तिवाद ऐकू येतो: लिमिट दरवर्षी नव्याने मंजूर होते, कित्येक वर्षे कधी फेडलीच नाही, मग ती दीर्घ मुदतीची का नाही? कारण ती मागताक्षणी फेडायची असते, असे मंजुरीपत्रातच लिहिलेले असते.

शर्तभंगाचा मामला जास्त नाजूक. कर्जाच्या करारात अमुक प्रमाण राखीन, तमुक मर्यादेपलीकडे उसनवारी करणार नाही, अशी कलमे असतात. ती मोडली तर सगळे कर्ज ताबडतोब मागण्याचा हक्क सावकाराला मिळतो. आंतरराष्ट्रीय मानक इथे कडक आहे: ताळेबंदाच्या तारखेपर्यंत सावकाराकडून सूट मिळालेली नसेल, तर कर्ज करंट, मग ती दुसऱ्या दिवशी का मिळेना. आपल्याकडच्या लहान कंपन्यांसाठी इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सचे मार्गदर्शन सौम्य आहे. अशी कलमे भारतात जवळपास प्रत्येक करारात छापलेली असतात आणि बँका किरकोळ भंगावर कर्ज परत मागत नाहीत, हे त्यात गृहीत धरले आहे. हिशेब मंजूर होण्याआधी बँकेने कर्ज खरोखर परत मागितले असेल, तर ते करंट. सोय आहे खरी. पण वाचकाला ती शर्त मोडल्याचा पत्ता लागत नाही, हे मला खटकते.

आता व्याज. हप्ता 10 तारखेला भरला, तरी 11 ते 31 मार्च या 21 दिवसांचे व्याज चढलेच आहे. 2 कोटी 10 लाखांवर 12 टक्क्यांनी ते 1,44,986 रुपये होते. ते देय झालेले नाही, 10 एप्रिलला होईल. म्हणून 'चढलेले पण देय न झालेले व्याज' म्हणून ते चालू देण्यांत जाते. आपल्या कंपनीने ते धरलेच नव्हते. हप्ता भरला की नोंद, अशी तिच्या अकाउंटंटची पद्धत.

गंमत अशी, की खर्चाची नेहमीची चाचणी ही चूक पकडत नाही. वर्षाच्या सुरुवातीला कर्ज 2 कोटी 70 लाख होते, शेवटी 2 कोटी 10 लाख. सरासरी 2 कोटी 40 लाखांवर वर्षाचे व्याज अंदाजे 28 लाख 80 हजार. पुस्तकातला खर्च याच्या अगदी जवळ दिसतो. कारण यंदाच्या मार्चचे 21 दिवस राहिले, तसे गेल्या मार्चचे 21 दिवस यंदाच्या एप्रिलमध्ये खर्ची पडले. कर्ज तेव्हा मोठे होते, त्यामुळे ते 1,86,411 रुपये. फरक पडला तो जेमतेम 41 हजारांचा. खर्च बरोबर वाटतो आणि ताळेबंदातून देणे मात्र दरवर्षी गायब राहते. म्हणून सरासरीवर समाधान न मानता शेवटच्या हप्त्यानंतरचे दिवस मोजावे लागतात.

आणि 10 मार्चचे व्याज भरलेच नसेल तर? मग ते 'चढलेले आणि देय झालेले' ठरते आणि त्याबरोबर आणखी एक माहिती द्यावी लागते: ताळेबंदाच्या तारखेला किती रकमेची थकबाकी होती आणि ती किती काळाची. दोन्ही प्रकारचे व्याज एकाच आकड्यात मिसळले, की ही थकबाकी वाचकाच्या नजरेतून निसटते.

एवढे झाले ते पुस्तकात असलेल्या कर्जांचे. नसलेली कशी सापडतात? ऑडिटर सावकारांना थेट पत्र पाठवतो आणि उत्तरही थेट स्वतःकडे मागवतो. कंपनीच्या हातून आलेला कागद त्या तोलाचा नसतो. पण पत्र ज्याचे नाव माहीत आहे त्यालाच जाते. बाकीच्यांसाठी तो संचालक मंडळाची इतिवृत्ते, प्रोसेसिंग फीच्या नोंदी आणि टीडीएसची विवरणे चाळतो. बँकेला दिलेल्या व्याजावर टीडीएस कापावा लागत नाही, बिगर-बँक वित्तसंस्थेला दिलेल्यावर सहसा लागतो. म्हणून टीडीएसच्या यादीत एखाद्या वित्तसंस्थेचे नाव असेल आणि खतावणीत तिचे कर्ज नसेल, तर विचारायला जागा आहे.

तारणाबाबत टिपणात बहुधा एकच ओळ असते: 'मशिनरीच्या नजरगहाणावर सुरक्षित'. कायद्याला प्रत्येक कर्जाचे तारण वेगवेगळे सांगितलेले हवे आहे, आणि संचालकांनी किंवा इतरांनी हमी दिलेल्या कर्जांची एकूण रक्कमही. आपल्या कंपनीच्या मंजुरीपत्रात मशीन तर आहेच. शिवाय कच्च्या मालावर दुसऱ्या क्रमांकाचा बोजा, थोरल्या संचालकांचे घर आणि तिघांची वैयक्तिक हमी आहे. ऑडिटर हे पत्र कंपनी खात्याच्या संकेतस्थळावरच्या बोजांच्या यादीशी ताडून पाहतो. कंपनीने आपल्या मालमत्तेवर दिलेला बोजा 30 दिवसांत सीएचजी-1 फॉर्म भरून नोंदवायचा असतो. उशीर झाल्यास जादा शुल्क देऊन काही मुदत मिळते. नोंदलाच नाही, तर कंपनी बुडाल्यावर लिक्विडेटर तो विचारात घेत नाही. थोरल्या संचालकांचे घर मात्र या यादीत कधीच दिसणार नाही, कारण ते कंपनीचे नाही. ते सापडते मंजुरीपत्रात आणि बँकेच्या उत्तरात. मशीनच्या विमा पॉलिसीवर कोणत्या बँकेचे नाव आहे, हेही पाहून ठेवावे. तिथे तिसऱ्याच सावकाराचे नाव निघाले, तर तेच मशीन दोघांकडे तारण असण्याची शक्यता धरून चालावे.

सीसीचे तारण म्हणजे माल आणि येणी. त्यासाठी कंपनी बँकेला स्टॉक स्टेटमेंट देते. आपल्या कंपनीने मार्चअखेर बँकेला माल 2 कोटी 20 लाखांचा कळवला, पुस्तकात तो 1 कोटी 70 लाख. 2021 पासून तिमाही विवरणे पुस्तकांशी जुळतात का हे टिपणात सांगावे लागते, आणि मोठी तफावत असेल तर मेळ घालून कारणही द्यावे लागते. ऑडिटरच्या अहवालातले यासंबंधीचे कलम 5 कोटींवरच्या लिमिटांसाठी आहे, म्हणून लहान कंपन्यांना वाटते आपण सुटलो. टिपणाच्या नियमाला तशी मर्यादा नाही. 50 लाखांचा फरक कशामुळे? कदाचित जॉबवर्कसाठी आलेला दुसऱ्याचा माल आपल्यात मोजला असेल. कदाचित उचल वाढवण्यासाठी आकडा फुगवला असेल. पहिले कारण असेल, तर परक्या मालाची चलने असतातच. ती मागितल्यावर कंपनी काय दाखवते, त्यावर टिपणातले वाक्य ठरते.