तर्जनी सलग तीनदा

तबला शिकू लागलं की दिल्ली घराण्याचा हा कायदा लवकरच हातात येतो: धातिटधा तिटधाधा तिटधागे तिनाकिना, तातिटता तिटताता तिटधागे धिनागिना. लय वाढली की बहुतेकांचा हात एकाच जागी अडखळतो, ‘तिटधाधा’पाशी. दिल्लीच्या निकासात ‘ति’ मधल्या बोटानं आणि ‘ट’ तर्जनीनं वाजतो, दोन्ही शाईवर. ‘धा’लाही तर्जनीच लागते, पण चाटेवर. म्हणजे ट, धा, धा हे तिन्ही आघात एकाच बोटाचे, आणि मध्ये शाईवरून चाटेवरची धाव. कायद्यात इतरत्र तर्जनी दोनदा वाजली की तिला क्षणभर उसंत मिळते, इथे नाही.

अशा वेळी सबंध कायदा पुन्हापुन्हा घोटणं म्हणजे सोपं तेवढंच पक्कं करत राहणं. त्यापेक्षा ‘तिटधाधा तिटधाधा’ एवढंच फिरवत राहावं. समजा, दुगुनीत मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत हात तुटतो. मग मेट्रोनोम ४५वर आणायचा. तिथे दोन्ही ‘धा’ सारखे आणि स्वच्छ आले, तरच चार-पाच मात्रांनी वर सरकायचं. पुढे त्याला मागचे-पुढचे बोल जोडावेत: ‘धातिटधा तिटधाधा तिटधागे’. सुटा तुकडा बिनचूक वाजतो आणि सांध्यात येताच फसतो, हे नेहमीचंच.

वाजवताना कान पुढच्या बोलाकडे असतो, म्हणून रेकॉर्डिंग हवं. फोन तीन-चार फुटांवर, समोर ठेवावा. तबल्याला चिकटवला तर चाटेचा आवाज फाटतो. ऐकताना मात्र हेडफोन घ्यावा, कारण फोनच्या छोट्या स्पीकरमधून डग्ग्याचा खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि निम्म्या चुका तिथेच दडलेल्या असतात. पहिल्यांदा फक्त डग्गा ऐकावा. ‘तातिटता तिटताता’ ही खाली, तिथे डग्गा बंद हवा. घाईत डावा हात सवयीनं घुमतो आणि खाली-भरीतला फरकच पुसला जातो. मग ‘धा’ ऐकावा: दोन्ही हात एकदम पडतात, की डग्गा किंचित मागून येतो? शेवटी रेकॉर्डिंग निम्म्या वेगानं लावून ‘धाधा’ तपासावा. दुसरा ‘धा’ बहुधा लवकर आलेला असतो. वाजवणाऱ्याला मात्र आपण लयीतच आहोत असं वाटत असतं!

संथ रियाजाचीही एक गोम आहे. वेळ भरपूर असल्यानं बोट ऐसपैस उचललं जातं, आणि ती उचल द्रुत लयीत परवडत नाही. त्यामुळे ४५च्या लयीतही हालचाल द्रुतातल्याएवढीच लहान ठेवावी लागते. आघातानंतर बोट कातड्याजवळच थांबलं पाहिजे. मधूनमधून ‘तिटधाधा’ एकदाच पूर्ण लयीत वाजवून थांबावं. संथ लयीत बसवलेली हालचाल वेगातही टिकते का, हे तेवढ्यात कळतं. टिकली नाही, तर लय वाढवण्याआधी बोटाची उचल कमी करायची.