तक्रार करणाऱ्याचं नाव कुणाकुणाला कळतं?

सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले तरुण अभियंते. सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या कामातले गैरव्यवहार त्यांना दिसले, तेव्हा २००२ मध्ये त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं. आपलं नाव गुप्त ठेवा, अशी विनंतीही केली. पत्र पुढच्या टेबलांवर गेलं ते नावासकट. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा गोळ्या घालून खून झाला. हा खून लुटीतून झाल्याचं सीबीआयने न्यायालयात मांडलं. पण नाव फुटलं होतं, ते त्याआधीच.

या प्रकरणानंतर २००४ मध्ये सरकारी जागल्यांच्या तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवणारा ठराव झाला. २०१४ मध्ये कायदाही संमत झाला, मात्र तो अजून लागू झालेला नाही. खासगी क्षेत्रात २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १७७ आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या, ठेवी घेणाऱ्या किंवा बँकांकडून ५० कोटींहून जास्त कर्ज उचललेल्या कंपन्यांना तक्रारीची अशी व्यवस्था ठेवावीच लागते. त्यामुळे धोरणाचा कागद बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे असतो. अडतं ते तक्रार आल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका कारखान्यातून भंगाराचा ट्रक बाहेर पडतो. गेटवरच्या काट्याची पावती नऊ टनांची, पण बिल साडेसात टनांचं. स्टोअरमधल्या कारकुनाला दोन्ही कागद दिसतात आणि तो निनावी तक्रार करतो. मुख्यालयातला अधिकारी भला माणूस. तो कारखान्याच्या व्यवस्थापकाला फोन लावतो, ‘अहो, भंगाराबद्दल तक्रार आलीय, काय भानगड आहे?’ झालं! व्यवस्थापक त्या साखळीत असेल, तर संध्याकाळपर्यंत गेटवरच्या पावत्या गायब. शिवाय दोन्ही कागद पाहणारी माणसं तीनच, त्यामुळे नाव शोधावंही लागत नाही.

म्हणून चांगल्या धोरणात क्रम ठरवून दिलेला असतो. आधी कागदांच्या प्रती ताब्यात घ्यायच्या, त्याही एकट्या त्या कारखान्याच्या नाहीत. सगळ्या कारखान्यांच्या वर्षभराच्या भंगारविक्रीच्या नोंदी नेहमीच्या अंतर्गत ऑडिटच्या नावाने मागवायच्या. तक्रारदाराला पहिला प्रश्न हा विचारायचा, की ही गोष्ट आणखी कुणाला ठाऊक आहे आणि संशय कुणावर जाईल? तक्रार निनावी असेल, तर नुसत्या क्रमांकावरून उलट विचारता येण्याची सोय हवी. नाहीतर ‘पुरेशी माहिती नाही’ असा शेरा मारून फाईल बंद होते.

तक्रार तोंडी आपल्याच साहेबाकडे आली, तर साहेबाचं काम छोटं आहे. ऐकायचं, सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्यायचं आणि त्याच दिवशी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायचं. स्वतः चौकशी करायची नाही. ‘तुझं नाव कधीच कळणार नाही’ असं वचनही द्यायचं नाही, कारण प्रकरण न्यायालयात गेलं तर ते पाळता येईलच असं नाही. कोण बोललं हे शोधायला जाणं तर पूर्ण वर्ज्य.

बार्कलेज बँकेचे प्रमुख जेस स्टेली इथेच चुकले. २०१६ मध्ये त्यांच्या ओळखीच्या, नव्याने घेतलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याविरुद्ध निनावी पत्र आलं. स्टेलींनी बँकेच्या सुरक्षा विभागाला पत्रलेखक शोधायला लावलं. तो सापडला नाही. तरीही २०१८ मध्ये ब्रिटिश नियामकांनी त्यांना ६,४२,४३० पौंड दंड केला. ज्या पत्रात आपला स्वतःचा संबंध गुंतला आहे, त्यापासून लांब राहायला हवं होतं, असं नियामकांचं म्हणणं होतं.

सूड सहसा बडतर्फीच्या रूपाने येत नाही. पाळी बदलते, ओव्हरटाइम बंद होतो, मूल्यमापनात एकदम खालचा शेरा मिळतो. ‘छळ होणार नाही’ या एका वाक्याने हे थांबत नाही. तक्रार आली त्या दिवशी तक्रारदाराचे मागचे शेरे, पाळी आणि पगार यांची नोंद करून ठेवावी. पुढचं वर्षभर त्याची बदली किंवा शेरा ऑडिट समितीच्या नजरेखालून जावा आणि कारण देण्याची जबाबदारी साहेबावर असावी. नाव उघड असेल तरच हे जमतं, हे मात्र खरं.

खोट्या तक्रारीचं कलमही नीट वाचायला हवं. नियमांत कारवाईची तरतूद आहे ती वारंवार केलेल्या फुटकळ तक्रारींसाठी. काही धोरणांत मात्र ‘तक्रार सिद्ध न झाल्यास कारवाई’ असं ऐसपैस लिहिलेलं असतं. प्रामाणिकपणे चुकलेल्या माणसालाही ते लागू पडतं, मग कोण तोंड उघडेल?

तुमच्या कंपनीचं धोरण वेबसाइटवर असेल, तर ते उघडा आणि व्यवस्थापकीय संचालकाविरुद्धची तक्रार कुणाकडे जाते ते बघा. कायद्यानुसार योग्य प्रसंगी थेट ऑडिट समितीच्या अध्यक्षांपर्यंत जाता आलं पाहिजे. तिथे त्यांच्यापर्यंत पोचण्याचा पत्ता नसेल, तर तो मागून घ्या.