चौदा की चाळीस? चिनी भाव ऐकायला शिकवणारं एक वाक्य

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं, "मॅडम, चीनमधून माल आणायचा तर भाषेचं काय करता?" व्हिडिओत दोन मिनिटांत गुंडाळलं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी माझी फजिती ऐका. बिरसीच्या दुकानासाठी छोट्या टॉर्चचे नमुने मागवायचे होते. व्हिडिओ कॉलवर विक्रेत्याला मी मोठ्या तोऱ्यात चिनीत "चाळीस" म्हटलं. त्याने कॅल्क्युलेटरवर चौदा टाइप करून कॅमेऱ्यापुढे धरलं. आकडा दिसला म्हणून निभावलं. पण तोच विक्रेता शेजारच्या माणसाशी भावाचं बोलत असतो, तेव्हा कॅल्क्युलेटर कोण दाखवणार? ते कानानेच पकडावं लागतं.

चिनीत चार म्हणजे 'स', दहा म्हणजे 'ष', आणि 'आहे' हेही 'ष'च. फरक सुरात. चारचा सूर वरून खाली आपटतो, आपण कुत्र्याला "हट्!" म्हणतो तसा. दहाचा सूर खालून वर चढतो, फोनवर नीट ऐकू आलं नाही की आपण "हं?" करतो तसा. 'आहे'चा सूर चारसारखाच, खाली पडणारा. चौदा म्हणजे दहा-चार आणि चाळीस म्हणजे चार-दहा, इतकं सरळ आहे. चिनी पोरं यावरच एक जीभ वळवणारं वाक्य म्हणतात, आपल्या 'कच्चा पापड पक्का पापड'सारखं. अर्थ असा: चार म्हणजे चार, दहा म्हणजे दहा, चौदा म्हणजे चौदा, चाळीस म्हणजे चाळीस. वहीत बाण काढून असं लिहा:

स↘ ष↘ स↘
ष↗ ष↘ ष↗
ष↗ स↘ ष↘ ष↗ स↘
स↘ ष↗ ष↘ स↘ ष↗

आता नीट बघा, गंमत कळेल. पहिल्या ओळीत सगळे बाण खालीच आहेत, बदलतं ते फक्त अक्षर. दुसऱ्या ओळीत सगळीकडे ष आहे, बदलतो तो फक्त सूर. म्हणजे पहिली ओळ जिभेची, दुसरी गळ्याची, आणि तिसरी-चौथी दोघांची एकदम. बहुतेक जण चारही ओळी पहिल्याच दिवशी धडाधड म्हणायला जातात, तिथेच घोळ होतो.

माझा सल्ला, सुरुवात दुसऱ्या ओळीपासून, म्हणजे सुरापासून करा. कारण धंद्याचं आहे. दक्षिण चीनमधले पुष्कळ लोक स्वतःच ष चा स करतात. त्यांच्या तोंडी चारही स आणि दहाही स. मग चौदा आणि चाळीस वेगळे कशाने कळतात? फक्त सुराने: वर-खाली असेल तर चौदा, खाली-वर असेल तर चाळीस. अक्षर चुकलं तरी समोरचा समजून घेतो, सूर उलटला की भाव उलटतो.

पहिले तीन दिवस तोंड बंद ठेवून नुसतं गुणगुणा. वर-खाली-वर, एवढंच. मराठी माणसाची इथे एक ठरलेली चूक होते. आपण वाक्य संपवताना आवाज आपोआप खाली सोडतो, आणि वर नेला तर प्रश्न विचारल्यासारखं वाटतं. त्यामुळे शेवटचा दहा खाली पडतो आणि चाळीसचं 'चार-चार' होऊन बसतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून फक्त शेवटचं अक्षर ऐका. ते प्रश्नासारखं वाटत असेल तर बरोबर आहे, लाजू नका. दुसरी चूक पहिल्या ओळीत होते. तीन वेळा खाली यायचं असतं, पण आपण पहिल्यांदा खाली येतो आणि पुढचे दोन तळातच पुटपुटतो. प्रत्येक वेळी परत वर जाऊन तिथून आपटायचं.

मग जीभ. आपल्या गोंदियाकडे घरच्या बोलण्यात शाळेची साळा होते आणि शेताचं सेत. म्हणून स आणि ष वेगळे काढताना आपल्याला पुण्या-मुंबईवाल्यांपेक्षा थोडी जास्त मेहनत पडते. स साठी जिभेचं टोक दातांमागे. ष साठी ट म्हणताना टोक जिथे जातं तिथे न्यायचं, पण टेकवायचं नाही, फट ठेवायची. स ची शिट्टी बारीक येते, ष ची जाड. पुढे 'ई' जोडू नका. ओठ ताणून 'शी' म्हटलंत की ते चिनीत तिसरंच अक्षर होतं. जीभ तिथेच ठेवून फक्त आवाज सोडायचा.

काही अक्षरांत मात्र मराठीवाल्याची चांदी आहे. चिनी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात, तेव्हा b दिसला की आपण ब म्हणतो. पण उच्चार आपल्या प च्या जवळचा आहे, आणि p म्हणजे ओठ मिटून काढलेला, हवा सोडणारा फ. तसंच d म्हणजे त आणि t म्हणजे थ. हा फरक इंग्रजांना महिनोन्‌महिने घोटावा लागतो, आपण तो जन्मापासून करतो. फक्त स्पेलिंगवर विश्वास ठेवायचा नाही.

आता वेग. मोबाइलवर मेट्रोनोम ॲप घ्या, फुकट मिळतं. मिनिटाला ६० ठोके लावा, एका ठोक्याला एक अक्षर. वाक्यात १६ अक्षरं आहेत, म्हणजे १६ सेकंद लागतात. सलग तीन वेळा रेकॉर्डिंग स्वच्छ आलं तरच ६६ करा, मग ७२. एक जरी बिघडलं तर मागच्या वेगावर या. एका बैठकीत पाचच मिनिटं, दिवसातून तीनदा: दुकान उघडताना, दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, आणि रात्री हिशेबाआधी. अर्धा तास एकदम बसू नका. मोठ्या माणसाची जीभ थकली की ती जुन्या सवयीवर जाते, मग तुम्ही चुकीचाच उच्चार घोटत बसता. थकल्याची खूण सोपी आहे, स आणि ष दोन्ही मिळून मधलाच कुठला तरी श ऐकू येतो. तिथे थांबा. आणि रेकॉर्डिंग लगेच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. बोलल्या बोलल्या कान स्वतःला फार माफ करतात.

वय झालं म्हणून सोडणाऱ्यांसाठी एक आठवण. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते सत्ताविसाव्या वर्षी, आणि भाषा तिथेच शिकले.

१०० ठोक्यांच्या पुढे जायची गरज नाही. त्याऐवजी वाक्य मोडा. कारण दोन-तीन आठवड्यांत ते गाण्यासारखं पाठ होतं, आणि मग तोंडाला चाल माहीत असते, आकडा माहीत नसतो. बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ४, १०, १४, ४० आणि ४४ लिहून चिठ्ठ्या करा. पिसून एकेक उचला, म्हणा आणि रेकॉर्ड करा. सकाळी ते ऐकून आकडे वहीत लिहा आणि चिठ्ठ्यांशी ताडून पाहा. माझ्या पहिल्या वीस चिठ्ठ्यांत सात चुकल्या होत्या, सगळ्या चाळीस आणि चव्वेचाळीसच्या. तुमच्या किती चुकतात आणि कोणत्या, ते लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात तेवढेच आकडे घोटायचे.