पाच बंदोबस्त आणि एक योगायोग

31 जानेवारी 2017च्या रात्री गिटलॅब या कंपनीतला एक इंजिनिअर डेटाबेसची दुरुस्ती करत होता. जगभरचे प्रोग्रामर आपले काम जिथे साठवतात, त्या संकेतस्थळाचा हा डेटाबेस. मूळ सर्व्हरची जुळी प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर मागे पडला होता. तो नव्याने भरायचा, तर आधी त्यावरचा जुना डेटा काढून टाकायला हवा होता. पुसण्याची आज्ञा मात्र मूळ सर्व्हरवर दिली गेली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, त्याने आज्ञा थांबवली, पण तोवर सुमारे 300 जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते.

इथवरची चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. बॅकअप असतात ते त्यासाठीच, आणि कंपनीकडे बॅकअप व जुळ्या प्रतीचे मिळून पाच बंदोबस्त होते. त्यातला एकही भरवशाचा निघाला नाही. जुळा सर्व्हर तर आधीच रिकामा केलेला होता. रोज `pg_dump` या प्रोग्रामने प्रत काढून दूरच्या साठवणीत टाकायची, अशी व्यवस्था होती. ती साठवण उघडली तर रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेसच्या 9.6 आवृत्तीवर चालत होता आणि प्रत काढणारा प्रोग्राम 9.2चा होता. जुना प्रोग्राम नव्या आवृत्तीची प्रत काढायला नकार देतो, त्यामुळे तो रोज अपयशी होत होता. अपयश कळवणारे ईमेलही निघत होते, पण ज्या सर्व्हरकडे ते जायचे, तो सही नसल्याच्या कारणाने ते नाकारत होता.

शेवटी कंपनी वाचली ती योगायोगाने. अपघाताच्या सुमारे सहा तास आधी त्याच इंजिनिअरने चाचणीच्या कामासाठी मूळ डेटाबेसची एक प्रत घेतली होती. ती चाचणी-सर्व्हरच्या मंद डिस्कवरून उचलावी लागली, वेग सेकंदाला जेमतेम 60 मेगाबिट. या वेगाने 300 जीबी आणायलाच अकरा तास लागतात. संकेतस्थळ पूर्ववत व्हायला सुमारे अठरा तास गेले आणि मधल्या सहा तासांत नोंदलेले हजारो प्रकल्प व प्रतिक्रिया आणि सुमारे 700 नवी खाती कायमची गेली. कंपनीने हे सगळे लोकांपुढे उघडपणे मांडले. या क्षेत्राला त्याचा फार उपयोग झाला आहे.

यावरचा उपाय नेमका आहे. आठवड्यातून एकदा, आपोआप, एका वेगळ्या मशीनवर ताजा बॅकअप साठवणीतून उतरवून पूर्ण रिस्टोर करायचा. तो उभा राहिला की त्याला प्रश्न विचारायचे: शेवटची नोंद कधीची? मुख्य तक्त्यांतल्या ओळी मागच्या आठवड्याच्या तुलनेत पटतात का? पतसंस्था असेल तर सगळ्या खात्यांची बेरीज त्या दिवसाच्या अखेरच्या ताळेबंदाशी जुळते का? फाइल तयार झाली एवढ्यावर समाधान मानले, तर अर्धवट फाइलही खपून जाते. रिस्टोरला किती वेळ लागला तेही लिहून ठेवायचे. ग्राहकाला ‘दोन तासांत सुरू करू’ म्हणायचा हक्क त्याच आकड्यातून मिळतो. आणि ठरल्या वेळी यशाचा निरोप आला नाही, तर ते अपयशच धरून माणसाला फोन गेला पाहिजे.

मग प्रश्न उरतो, प्रती किती दिवस ठेवायच्या? बहुतेक ठिकाणी डिस्कच्या किमतीवरून हे ठरते. माझ्या मते आधी विचारावे, आपल्याकडची चूक किती उशिरा सापडते? समजा, पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरची जूनमधली नवी आवृत्ती काही खात्यांचे व्याजदर बदलून ठेवते आणि ते मार्चअखेरच्या तपासणीत उघड होते. चौदाच दिवसांच्या प्रती ठेवल्या असतील, तर त्या सगळ्यांत चूकच साठलेली असेल. मेअखेरची प्रत असेल तर ती वेगळ्या मशीनवर उभी करायची, जुने दर चालू डेटाशी ताडायचे आणि चुकलेल्या नोंदी तेवढ्या सुधारायच्या. चालू डेटाबेसवर ती प्रत चढवली, तर नंतरचे दहा महिने पुसले जातील.

म्हणून रोजच्या 14, आठवड्याच्या 8 आणि महिन्याच्या 12 प्रती ठेवाव्यात. डेटाबेस 40 जीबीचा असेल तर या 34 प्रतींना सुमारे 1,360 जीबी लागतात. वर्षभर रोजची प्रत ठेवली तर 14,600. किमान एक संच वेगळ्या पासवर्डच्या, वेगळ्या खात्यात असावा.

तुमची पतसंस्था, दवाखाना किंवा शाळा ज्यांच्या सॉफ्टवेअरवर चालते, त्यांना या आठवड्यात एवढेच विचारा: शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेला, कोणत्या मशीनवर रिस्टोर करून पाहिला आणि त्याला किती वेळ लागला? तारीख सांगता आली नाही, तर चाचणी तुमच्यासमोर करायला लावा.