आमच्या खात्यासाठी दुसरा अधिकारी द्या

बँकेतून कॅश क्रेडिट घेणाऱ्या छोट्या कारखानदाराचा बँकेशी संबंध प्रत्यक्षात एकाच माणसाशी असतो. त्याला रिलेशनशिप मॅनेजर म्हणतात, बोलताना नुसतं आरएम. आपण दिलेली कागदपत्रं त्याच्यामार्फत पुढे जातात, आणि तो चुकत राहिला तर उत्तम चालणारं खातंही बँकेच्या नजरेत बिघडलेलं दिसू लागतं. अशा वेळी आरएम बदलून मागण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. तरी बहुतेक जण ते करत नाहीत, कारण उद्या याच माणसाकडून लिमिट वाढवून घ्यायची असते. मग वर्षभर कुढत राहतात आणि एक दिवस शाखेत जाऊन आवाज चढवतात. त्या दिवशी चूक कोणाची होती हे मागे पडतं आणि ग्राहकाचा आवाज तेवढा लक्षात राहतो.

भोसरीतला एक प्रेस शॉप उदाहरण म्हणून समोर ठेवू. पत्र्याचे छोटे पार्ट बनवणारा, 60 लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा असलेला. मर्यादा 60 लाखांची असली तरी तेवढे पैसे कधीही उचलता येतात असं नाही. दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत स्टॉक स्टेटमेंट द्यायचं, त्यावरून बँक ड्रॉइंग पॉवर, म्हणजे डीपी, काढते. जूनअखेरीस कारखान्यात 38 लाखांचा माल होता आणि त्यातल्या 10 लाखांचं देणं बाकी होतं. उरलेल्या 28 लाखांतून 25 टक्के मार्जिन वजा केलं की 21 लाख राहतात. 90 दिवसांच्या आतली येणी 44 लाख, त्यातूनही 25 टक्के गेले की 33 लाख. डीपी झाली 54 लाख. मार्जिनचे टक्के बँकेगणिक आणि मंजुरीपत्रागणिक बदलतात, पण रीत हीच.

मालकांनी हे स्टेटमेंट 8 जुलैला आरएमला मेल केलं. ते सिस्टिममध्ये चढलंच नाही. खात्यावर आधीच्या महिन्याची 41 लाखांची डीपी तशीच राहिली. 22 जुलैला पत्रा पुरवणाऱ्याचा 3 लाख 80 हजारांचा चेक आला, तेव्हा 40 लाख आधीच उचललेले होते. चेक परत गेला. 54 लाखांची डीपी लागली असती तर तो सहज वटला असता. पुरवठादाराच्या दृष्टीने मात्र चेक बाउन्स झाला, एवढंच खरं. तो कलम 138 ची नोटीस पाठवू शकतो, आणि पुढच्या महिन्यापासून उधारी बंद करू शकतो. बँकेतल्या एका न उघडलेल्या मेलची किंमत अशी कारखान्याच्या दारात वसूल होते.

सप्टेंबरमध्ये स्टेटमेंट वेळेवर देऊनही ते न दिल्याबद्दल दंड लागला. ऑक्टोबरमध्ये लिमिटच्या रिन्यूअलसाठी ऑडिट झालेला ताळेबंद दिला, आणि तोच ताळेबंद आरएमने नंतर दोनदा पुन्हा मागितला. वरवर हा नुसता वैताग वाटतो, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी त्याला दात दिले आहेत. तीन महिन्यांहून जुन्या स्टेटमेंटवर काढलेल्या डीपीच्या आधारे उचललेली रक्कम अनियमित समजली जाते, आणि ही अवस्था सलग 90 दिवस टिकली की खातं एनपीए होतं. ठरलेल्या तारखेपासून 180 दिवसांत रिन्यूअल झालं नाही तरीही तेच. कारखाना नफ्यात असला तरी.

पत्र लिहिण्याआधी एक गोष्ट तपासायची: दोष माणसाचा आहे की व्यवस्थेचा? पुष्कळ बँकांत आरएम स्टेटमेंट नुसतं पुढे पाठवतो, आकडे भरतं ते मध्यवर्ती प्रक्रिया केंद्र. कागद तिथे अडकत असेल तर आरएम बदलून काहीच साधणार नाही. आरएमला सरळ विचारावं, ‘साहेब, आमचं जुलैचं स्टेटमेंट तुम्ही कोणत्या तारखेला पुढे पाठवलंत? तो मेल आम्हाला फॉरवर्ड कराल का?’ तारीख 9 जुलै निघाली तर भांडण केंद्राशी आहे. 23 जुलै निघाली, म्हणजे चेक परत गेल्यानंतरची, तर गाठ इथेच आहे. आपल्या प्रेस शॉपच्या बाबतीत 23 निघाली.

पत्र शाखाप्रमुखांना किंवा आरएम ज्यांच्या हाताखाली काम करतो त्या क्लस्टर हेडना लिहावं, आणि ते जाण्याआधी आरएमला तोंडी कल्पना द्यावी. पाठीमागून केलेली तक्रार कोणालाच आवडत नाही, आणि बदली होईपर्यंत काम त्याच्याचकडे असतं. मजकूर साधारण असा:

‘आमच्या खात्यात जुलैपासून तीन वेळा अडचण आली. 8 जुलैला दिलेलं स्टेटमेंट 23 जुलैला पुढे गेलं, त्यामुळे 22 जुलैला 3,80,000 रुपयांचा चेक परत गेला. 9 सप्टेंबरला स्टेटमेंट देऊनही ते न दिल्याचा दंड लागला. 4 ऑक्टोबरला दिलेला ताळेबंद 25 ऑक्टोबर आणि 14 नोव्हेंबरला पुन्हा मागण्यात आला. तिन्ही वेळी आम्ही संबंधित अधिकाऱ्यांशी बोललो, मेल सोबत जोडले आहेत. आमच्या खात्यासाठी दुसरे अधिकारी नेमावेत, दंड आणि चेक परतीचे शुल्क परत मिळावे, आणि चेक बँकेच्या विलंबामुळे परत गेला असं पत्र आमच्या पुरवठादारासाठी द्यावं, ही विनंती.’

यात ‘बेजबाबदार’, ‘मुद्दाम’ असे शब्द नाहीत. ते सिद्ध करता येत नाहीत, आणि वाचणारा लगेच आपल्या माणसाची बाजू घेऊ लागतो. ‘ते स्वभावाने फार चांगले आहेत’ हेही नाही. आपल्याकडे भिडेपोटी हे वाक्य हमखास येतं, आणि साहेब म्हणतात, मग सांभाळून घ्या की! मला त्या पत्रातली सगळ्यात मोलाची वाटते ती पुरवठादारासाठीच्या पत्राची मागणी. शुल्क काही शे रुपयांचं असेल, पण कारखानदाराची बाजारातली पत त्या एका कागदावर परत उभी राहते.

रिन्यूअलची फाइल अर्ध्यावर असताना आरएम बदलला तर नवा माणूस ती पहिल्या पानापासून वाचतो. म्हणून मुदतीला दोन महिने असतील तर लगेच बदल मागावा. दोन आठवडेच उरले असतील तर पत्र आजच द्यावं, पण बदल मंजुरीनंतर व्हावा असं त्यात लिहावं.

बँकेने दाद दिली नाही तर तिच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करायची. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे दाद मागायची ती सेवेतल्या त्रुटीबद्दल आणि नुकसानीबद्दल. कोणता अधिकारी कोणत्या खात्यावर बसवायचा हा बँकेचा अंतर्गत निर्णय आहे, तो लोकपालाकडून करून घेता येईल अशी आशा धरू नये.

बदल मंजूर झाला की जुन्या आणि नव्या आरएमला एकत्र बसवून पंधरा मिनिटं मागून घ्यावीत. बाकी कागद कोणते, रिन्यूअलची फाइल कोणाच्या टेबलावर आहे, स्टॉकच्या विम्याची मुदत कधी संपते, हे तिथेच लिहून दोघांना मेल करावं. तोंडी सांगितलेलं हस्तांतरात गळतं. मग पहिल्या महिन्याचं स्टेटमेंट दिल्यावर दोन-तीन दिवसांनी डीपी बदलली का ते पाहावं, नेट बँकिंगवर दिसत नसेल तर फोन करून विचारावं. नव्या आरएमने ते त्याच दिवशी पुढे पाठवलं असेल आणि तरीही डीपी जुनीच असेल, तर पुढचं पत्र प्रक्रिया केंद्राबद्दल लिहायचं, आणि त्यावर नव्या आरएमलाच सोबत घ्यायचं.