सूत्रं निवडताना

भाची यंदा बारावीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आली तेव्हा तिच्या रायटिंग पॅडला एक कागद लावलेला होता. बारावीच्या फिजिक्सचा पहिलाच धडा रोटेशनल डायनॅमिक्स, आणि त्यातली झाडून सगळी सूत्रं त्या कागदावर होती, पाठपोट. रोज सकाळी चहा होईस्तोवर ती तेवढं म्हणून काढायची. तरीही क्लासच्या टेस्टमध्ये पोकळ गोळ्याला भरीव गोळ्याचं सूत्र लावून आली होती.

"मामा, एवढं सगळं पाठच करावं लागतं का?"

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न दर वर्षी ऐकतो. बहुतेक जण एका टोकाचं उत्तर देतात. कुणी म्हणतं सगळं घोकून टाक, कुणी म्हणतं समजलं की पाठ करावं लागत नाही. दुसरं उत्तर कानाला बरं लागतं, पण एमएचटी-सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला 54 सेकंद. तेवढ्यात भरीव गोळ्याची मोमेंट ऑफ इनर्शिया इंटिग्रेशन करून काढायला बसलं, तर पुढचे दोन प्रश्न हातचे गेले.

म्हणून आम्ही दोघांनी तो कागद तांदूळ निवडतात तसा निवडायला घेतला. कसोटी एकच. कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून, वीस सेकंदांत सूत्र निघतं का? आणि तेच दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतं का? निघालं तर ते पाठ करायच्या यादीतून बाद. घड्याळ मोबाइलवर लावलं. "मला येतं" या वाटण्यावर माझा फारसा विश्वास नाही, कारण सोडवलेलं समोर असताना सगळ्यांनाच येतं.

मोमेंट ऑफ इनर्शियाच्याच तिच्या यादीत 14 ओळी होत्या. कडं, तबकडी, दांडी, पोकळ गोळा, भरीव गोळा, आणि प्रत्येकाचे वेगवेगळे अक्ष: केंद्रातून, व्यासावरून, कडेला स्पर्श करून. कड्यापासून सुरुवात केली. कड्याचं सगळं वस्तुमान अक्षापासून R इतक्या अंतरावर आहे, म्हणून MR². यात पाठ करण्यासारखं काही नाही, ही तर व्याख्याच झाली. मग अक्ष व्यासावर आणला. सपाट वस्तूच्या प्रतलातल्या दोन काटकोनी अक्षांच्या इनर्शियांची बेरीज प्रतलाला लंब असलेल्या अक्षाएवढी येते. दोन्ही व्यास सारखेच, तेव्हा निम्मं: MR²/2. स्पर्शरेषेसाठी अक्ष R ने सरकवायचा, म्हणजे MR² मिळवायचं. झाल्या कड्याच्या चारही ओळी. तबकडीला केंद्रातून ½ एवढं लक्षात असलं की उरलेल्या तीन ओळी (¼, 5/4 आणि 3/2) याच दोन नियमांनी पडतात. पेन टेकवून उचलेपर्यंत उत्तर.

असं करत 14 ओळींमधून चार आकडे उरले: तबकडी ½, दांडी 1/12, पोकळ गोळा 2/3, भरीव गोळा 2/5. सोबत अक्ष सरकवायचे दोन नियम.

इथेच मुलं घसरतात, कारण नियम पाठ असतो आणि त्याची अट नसते. समांतर अक्षाच्या नियमात दोनपैकी एक अक्ष वस्तुमानकेंद्रातून जायलाच हवा. तिला मी विचारलं, दांडीच्या टोकापासून L/4 अंतरावरचा अक्ष घेतला तर? तिला टोकाचं ML²/3 पाठ होतं, तिने त्यातच M(L/4)² मिळवलं आणि 19/48 आणलं. आता बघा, टोकाचं 1/3 म्हणजे 16/48. अक्ष टोकाकडून मध्याकडे आलाय, म्हणजे आकडा कमी व्हायला हवा, आणि हा तर वाढला! मध्यापासून निघालं की 1/12 अधिक 1/16, म्हणजे 7/48. ते बरोबर. टोकाचं 1/3 तिच्या यादीत नसतं तर ही चूक झालीच नसती, कारण तिला मध्यापासूनच सुरुवात करावी लागली असती. जास्तीचं पाठ केलेलं असं कधीकधी पायात येतं.

लंब अक्षांच्या नियमाचंही तसंच. तो फक्त सपाट वस्तूंना चालतो. गोळ्याला लावून बघितलं तर लगेच फजिती होते: गोळ्याचे तिन्ही अक्ष सारखे, मग I अधिक I बरोबर I!

आता ते दोन गोळे. 2/3 आणि 2/5 मध्ये दर वर्षी निम्मा वर्ग गोंधळतो असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही. पोकळ गोळ्याचं मात्र इंटिग्रेशनशिवाय निघतं, आणि हे फार कमी ठिकाणी दाखवतात. एखादा कण x, y, z इथे असेल तर तीन अक्षांभोवती त्याचा वाटा m(y²+z²), m(z²+x²) आणि m(x²+y²). तिन्हींची बेरीज केली की प्रत्येक वर्ग दोनदा येतो, म्हणून एकूण 2mr². पोकळ गोळ्याचा प्रत्येक कण R वरच आहे, तेव्हा बेरीज 2MR². तिन्ही अक्ष सारखे, भागिले तीन, 2/3 आलं. भाचीने दुसऱ्या प्रयत्नात हे 14 सेकंदांत काढलं. 2/3 पाठ करायच्या यादीतून गेलं.

भरीव गोळ्यालाही हीच युक्ती चालते, फक्त r² ची सरासरी 3/5 R² येते हे आधी काढावं लागतं. मग 2/3 गुणिले 3/5, म्हणजे 2/5. निघतं, पण चाळीस सेकंद जातात, आणि 2/5 गणितांत सारखा लागतो. तो पाठ. पोकळचा आकडा मोठा का, हेही यातच दिसतं: त्याचं सगळं वस्तुमान बाहेर गेलेलं असतं. ही एक खूण असली तरी दोघांची अदलाबदल होत नाही.

यादीच्या मागच्या बाजूला उतारावरून गडगडणाऱ्या वस्तूंची सूत्रं होती. वेग, त्वरण, घर्षण, आणि ती पुन्हा कडं, तबकडी, दोन्ही गोळे असं प्रत्येकासाठी वेगळी. इथे मी जवळजवळ सगळ्यावर काट मारली. इनर्शिया cMR² अशी लिहायची, c म्हणजे आपले ते आकडे. वरची ऊर्जा खाली आल्यावर सरकण्यात आणि फिरण्यात वाटली जाते:

mgh = ½mv²(1 + c)

यातून v² = 2gh/(1 + c). उतारावर गेलेलं अंतर s असेल तर h = s sinθ आणि v² = 2as, म्हणून a = g sinθ/(1 + c). घर्षण म्हणजे mg sinθ मधून ma वजा केलं की उरतं ते: mg sinθ × c/(1 + c). घसरू नये म्हणून लागणारा किमान घर्षणांक त्यातूनच c tanθ/(1 + c) येतो. भरीव गोळ्याला 2/7 tanθ. पुस्तकात हेच tanθ/(1 + R²/K²) असं छापलेलं असतं, तर त्वरणाच्या सूत्रात K²/R². कुठे काय वर, कुठे खाली, हे घोकलेल्या मुलांना परीक्षेत हटकून उलटं आठवतं. तपासायला c शून्य घालावा. जी वस्तू फिरतच नाही तिला गडगडायला घर्षण कशाला हवं? उत्तर शून्य आलं पाहिजे, आणि येतं. उलटं लिहिलेल्या सूत्रात tanθ येईल, लगेच कळेल.

बोर्डाच्या पेपरात यातलीच काही डेरिव्हेशन्स पायऱ्यांसकट विचारतात, पण ती वेगळी तयारी. तिथे घड्याळाला वाव आहे, इथे नाही.

केमिस्ट्रीचा कागद छोटा होता, पण निवडायला अवघड. तिथे व्याख्या, प्रयोगातून आलेले आकडे आणि नुसतं गणित असं सगळं मिसळलेलं असतं. अरेनियसचं k = Ae^(–Ea/RT) काढता येत नाही, ते पाठच करायचं. पण दोन तापमानांचं ते लांबलचक log k₂/k₁ चं सूत्र? दोनदा लॉग घेऊन वजाबाकी, बस. पाठ केलं की T₁ आणि T₂ चा क्रम उलटतो, वजाबाकी केली की आपोआप जागेवर पडतो. एक उदाहरण तिनेच केलं: 300 केल्व्हिनवरून 310 वर जाताना वेग दुप्पट झाला तर Ea किती? 2.303 × 8.314 × 0.3010 × 300 × 310 ÷ 10, म्हणजे मोलला सुमारे 53.6 किलोज्यूल. क्रम उलटला असता तर Ea ऋण आली असती. तापवल्यावर अभिक्रिया मंदावली, असा त्याचा अर्थ.

पहिल्या ऑर्डरचं अर्धायुष्य 0.693/k, कारण ln 2 म्हणजे 0.693. यात पाठ होतो तो आकडा. 99.9 टक्के संपायला किती वेळ, असं विचारलं तर सूत्रात न घालताही सांगता येतं: हजारावा भाग उरायचा, दोनाचा दहावा घात 1024, म्हणून साधारण दहा अर्धायुष्यं. शून्य ऑर्डरला [A]₀/2k. एककं जुळवली तर [A]₀/k हा वेळच आहे हे कळतं, पण तो खालचा 2 एककं सांगत नाहीत. अर्ध्यावर यायचं तर अर्धं [A]₀ संपायला हवं, असं मनात म्हटलं की तो येतो.

सगळ्यात जास्त वाद झाला नर्न्स्टच्या 0.0592 वर. भाचीचं म्हणणं, हे 2.303RT/F आहे, मग काढता येतं. बरोबर आहे. पण 8.314 ला 298 ने गुणून 96500 ने भागायला वीस सेकंद पुरत नाहीत, म्हणून आकडा पाठ. फक्त त्यात 298 दडलेलं आहे हे विसरायचं नाही. गणितात तापमान 60 अंश दिलं असेल तर तो आकडा चालत नाही, पुन्हा मूळ सूत्राकडे जावं लागतं.

संध्याकाळी तिने नवा कागद केला. एकाच बाजूला, ठळक अक्षरात. 0.0592 समोर लाल पेनाने 25°C लिहिलं. दांडीच्या टोकाचं ML²/3 मी काढलं होतं, ते तिने गुपचूप परत लिहिलंय. फक्त शेजारी कंसात "इथून सरकायचं नाही" अशी सूचना आहे.