‘मला भूक लागली’ या वाक्यात कर्ता कोण? मी की भूक?

पोलीस भरती असो, टीईटी असो की एमपीएससी, मराठी व्याकरणाच्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न हमखास वाद लावतो. ‘मला दूध आवडते’ किंवा ‘मला भूक लागली’, या वाक्यात कर्ता ओळखा.

उत्तरसूचीत असतं ‘दूध’ आणि ‘भूक’. मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर चर्चा सुरू होते. भूक तर मला लागली आहे. पोटात कावळे माझ्या ओरडत आहेत. मग कर्ता भूक कशी?

ही शंका बरोबर आहे आणि उत्तरसूचीही तिच्या नियमाने बरोबर आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, ते समजून घेऊया.

‘भूक’ हे उत्तर येतं कुठून?

शाळेत कर्ता शोधायची एक सोपी युक्ती शिकवतात. क्रियापदाच्या धातूला ‘-णारा’ जोडायचं आणि कोण किंवा काय असं विचारायचं. ‘मीनाने भाकरी खाल्ली’ या वाक्यात खाणारी कोण? मीना. म्हणून मीना कर्ता.

हीच युक्ती आपल्या वाक्याला लावा. लागणारी काय? भूक. आवडणारं काय? दूध. म्हणून परीक्षेत तेच उत्तर.

क्रियापदही या उत्तराच्या बाजूने साक्ष देतं. ‘मला भूक लागली’, ‘मला ताप आला’, ‘मला रडू आलं’ ही तीन वाक्यं बघा. बोलणारी व्यक्ती तीच आहे, पण क्रियापद बदलतंय. भूक स्त्रीलिंगी म्हणून ‘लागली’, ताप पुल्लिंगी म्हणून ‘आला’ आणि रडू नपुंसकलिंगी म्हणून ‘आलं’. ‘मला’च्या जागी ‘तुला’, ‘आम्हाला’ किंवा ‘पाहुण्यांना’ टाकलं, तरी ‘भूक लागली’ तसंच राहतं. म्हणजे क्रियापद भुकेचं ऐकतं, माणसाचं नाही.

पण क्रियापदाची साक्ष पुरेशी आहे का?

नाही. कारण मराठीत क्रियापद नेहमी कर्त्याचं ऐकतंच असं नाही.

‘मीनाने आंबा खाल्ला’ आणि ‘मीनाने भाकरी खाल्ली’. इथे क्रियापद आंबा आणि भाकरीप्रमाणे बदललं, मीनाप्रमाणे नाही. यालाच आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. तरीही इथे कर्ता मीनाच आहे, यावर कुणीच वाद घालत नाही. म्हणजे क्रियापद कुणाप्रमाणे बदलतं, एवढ्यावरून कर्ता ठरत नाही.

मग आणखी काय तपासायचं? भाषाशास्त्रज्ञ यासाठी वाक्य थोडं वाढवून बघतात. त्यातल्या दोन चाचण्या कुणालाही घरबसल्या करता येतात.

चाचणी पहिली: ‘-ऊन’

समजा, हिंगोलीत भरतीची तयारी करणारी मीना नावाची मुलगी आहे आणि तिचा निकाल लागला. आता ही दोन वाक्यं वाचा.

१. निकाल बघून सरांनी मीनाला पेढा दिला.
२. निकाल बघून मीनाला रडू आलं.

पहिल्या वाक्यात निकाल कुणी बघितला? सरांनी. वाक्यात ‘मीनाला’ आहे, पण निकाल तिने बघितला असा अर्थ आपण लावत नाही. दुसऱ्या वाक्यात निकाल कुणी बघितला? मीनाने. ‘रडू’ने तर नक्कीच नाही.

‘बघून’, ‘ऐकून’, ‘जाऊन’ अशा रूपांमागचा न सांगितलेला माणूस मराठीत साधारणपणे वाक्यातला कर्ताच असतो. दुसऱ्या वाक्यात हे काम ‘मीनाला’ करतंय. ‘पाऊस पडून रस्ता खचला’ अशा वाक्यात ‘पडून’चा कर्ता स्वतंत्रपणे सांगितलेला असतो. तिथे ही चाचणी लावायची नाही.

चाचणी दुसरी: ‘स्वतः’

१. सरांनी मीनाला स्वतःच्या गावाबद्दल सांगितलं.
२. मीनाला स्वतःच्या गावाची आठवण आली.

पहिल्या वाक्यात गाव सरांचं. दुसऱ्यात गाव मीनाचं. ‘स्वतः’ हा शब्द सहसा कर्त्याकडे बोट दाखवतो आणि दुसऱ्या वाक्यात ते बोट थेट ‘मीनाला’कडे जातंय. क्रियापद मात्र ‘आठवण’प्रमाणे ‘आली’ असंच आहे.

म्हणजे दोन्ही वाक्यांत ‘मीनाला’ हा शब्द अगदी सारखा आहे, प्रत्ययही तोच ‘ला’ आहे, पण वाक्यातलं त्याचं स्थान वेगळं आहे. एकीकडे मीना घेणारी किंवा ऐकणारी आहे. दुसरीकडे ती अनुभवणारी आहे आणि वाक्य तिच्याभोवती फिरतंय.

मग कर्ता नक्की कोण?

‘मीनाने’ किंवा ‘मी’ असतं, तेव्हा कर्तेपणाची बहुतेक कामं एकाच शब्दाकडे असतात. ‘मला भूक लागली’ या प्रकारात ती वाटली गेली आहेत. क्रियापदाचं लिंग-वचन भूक ठरवते. ‘-ऊन’ आणि ‘स्वतः’ यांचा धनी मात्र माणूस असतो.

म्हणूनच भाषाशास्त्रात अशा ‘मला’ला वेगळं नाव आहे, एक्स्पिरियन्सर सब्जेक्ट, म्हणजे अनुभव घेणारा कर्ता. राजेश्वरी पंढरीपांडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठीतल्या या रचनेवर सविस्तर लिहिलं आहे. 1990 मध्ये मणींद्र वर्मा आणि के. पी. मोहनन यांनी दक्षिण आशियातल्या भाषांमधल्या याच रचनेवर एक आख्खा ग्रंथ संपादित केला होता.

शालेय व्याकरणालाही ‘ला’ लागलेला कर्ता अगदीच परका नाही. ‘आजीला आता जिना चढवत नाही’ अशा शक्यार्थक वाक्यात चढणारी आजीच असते. तिथे चतुर्थीतल्या ‘आजीला’ला कर्ता मानलं जातं. ‘भूक लागली’च्या बाबतीत मात्र ते ‘-णारा’च्या युक्तीवर थांबतं.

त्यामुळे परीक्षेत ‘भूक’ हेच उत्तर लिहा, कारण तिथे प्रश्न त्या युक्तीचा असतो. पण ‘मला कसं काय कर्ता नाही?’ असं ज्यांना वाटतं, त्यांचं भाषेचं कान चुकीचं नाही, एवढं लक्षात असू द्या.

‘मी’ कधी आणि ‘मला’ कधी?

मराठीत अनेकदा दोन्ही पर्याय असतात. मी झोपलो, मला झोप लागली. मी रागावलो, मला राग आला.

फरक कळण्यासाठी ‘मुद्दाम’ हा शब्द घालून बघा. ‘पाहुणे आले म्हणून मी मुद्दाम लवकर झोपलो’ हे चालतं. ‘मला मुद्दाम झोप लागली’ हे कानाला खटकतं. आज्ञेचंही तसंच. आपण ‘झोप’ किंवा ‘रागावू नकोस’ असं सांगू शकतो, पण ‘तुला भूक लाग’ असा हुकूम कुणालाच सोडता येत नाही. जे आपल्या हातात नाही, ते सहसा ‘मला’च्या रचनेत जातं. भूक, तहान, थंडी, आठवण, लाज, कंटाळा ही त्याची रोजची उदाहरणं.

इथूनच सोशल मीडियावरचा एक लाडका निष्कर्ष निघतो. इंग्रजी माणूस ‘आय अॅम हंग्री’ म्हणतो, मराठी माणसाला भूक ‘लागते’, म्हणून मराठी माणूस दैववादी, असा तो निष्कर्ष. तो टिकत नाही.

एक तर मराठीतच ‘मी घाबरलो’, ‘मी दमलो’ अशी वाक्यं आहेत. घाबरणं काही कुणी ठरवून करत नाही, तरी तिथे ‘मी’ आहे. दुसरं म्हणजे जर्मन माणूस थंडी वाजली की ‘मीर इस्ट काल्ट’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘मला थंड आहे’. जुन्या इंग्रजीतही ‘मला वाटतं’च्या धर्तीवर ‘मीथिंक्स’ होतंच. कोणत्या क्रियापदाला कोणती रचना लागते, हे त्या त्या भाषेच्या इतिहासातून ठरतं. त्यावरून माणसाचा स्वभाव काढता येत नाही.

हिंगोलीच्या बसस्टँडवर एकच साचा

या इतिहासाचा एक तुकडा हिंगोलीतच ऐकायला मिळतो. बसस्टँडवर मराठी बोलणारा ‘मला भूक लागली’ म्हणतो. शेजारचा दखनी बोलणारा ‘मेरेकू भूक लगी’ म्हणतो. नांदेड जिल्हा ओलांडून तेलंगणात गेलात की ‘नाकु आकलि वेस्तोंदि’ ऐकू येतं. त्यातल्या ‘नाकु’चा अर्थ ‘मला’. कन्नडमध्ये हेच ‘ननगे हसिवागिदे’ होतं आणि ‘ननगे’ म्हणजेही ‘मला’.

मराठी आणि दखनी एका भाषाकुळातल्या, तेलुगू आणि कन्नड दुसऱ्या. शब्द वेगळे, साचा एकच. या चारही भाषा 1948 पर्यंत निजामाच्या एकाच हैदराबाद संस्थानात नांदत होत्या, पण साचा त्याहून खूप जुना आणि जवळपास भारतभर पसरलेला आहे. कॉलिन मासिका या भाषाशास्त्रज्ञाने 1976 च्या पुस्तकात भारतातल्या भाषांना जोडणाऱ्या मोजक्या लक्षणांमध्ये या रचनेची नोंद केली आहे.

संस्कृतातही ‘मह्यं मोदकः रोचते’, म्हणजे ‘मला मोदक आवडतो’, असं म्हणता येतं. आवडण्याच्या क्रियापदांना चतुर्थी लागते, हा नियम पाणिनीने दिला आहे. पण भुकेसाठी संस्कृतात ‘अहं क्षुधितः’, म्हणजे ‘मी भुकेला’, असं सरळ ‘मी’चं वाक्य चालतं. पुढच्या भाषांमध्ये ‘मला’चा साचा भूक, ताप, आठवण असा पसरत गेला. त्यात द्रविड भाषांच्या शेजाराचा वाटा किती, यावर अभ्यासकांमध्ये आजही मतभेद आहेत.

मराठी नव्याने शिकवताना

घरात दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला किंवा परप्रांतातल्या सहकाऱ्याला मराठी शिकवत असाल, तर ‘मला भूक लागला’ अशी चूक ऐकायला मिळेल. बोलणारा मुलगा असल्यामुळे तो क्रियापदही स्वतःप्रमाणे पुल्लिंगी करतो.

अशा वेळी व्याख्या सांगत बसू नका. ‘भूक लागली, ताप आला, रडू आलं’ ही तीन वाक्यं मुलाकडून आणि मुलीकडून, दोघांकडून म्हणवून घ्या. बोलणारं कुणीही असलं तरी क्रियापद बदलत नाही, हे त्यांना आपोआप कळेल.